शाळेने टाकलेल्या समूह फोटोतून आपल्या मुलाला वगळायचे असेल तर: मेल काय लिहावा, नंतर काय तपासावे

स्नेहसंमेलन आटोपले की दोन-चार दिवसांत फोटो शाळेच्या संकेतस्थळावर आणि फेसबुकवर येतात. त्यातल्या एखाद्या समूह फोटोत आपले मूल असते आणि ते तिथे नसावे असे पालकांना वाटते. शाळेला तसे कळवले तर शाळा सहसा नाही म्हणत नाही. तरीही काम अर्धवट राहते, कारण मेलमध्ये एवढेच लिहिलेले असते: ‘आमच्या मुलीचा फोटो काढून टाकावा.’

हा मेल कोणाकोणाच्या हातातून जातो ते पाहा. शाळेचा मेल बहुधा लिपिक उघडतात. ते मुख्याध्यापकांना सांगतात. संकेतस्थळ सांभाळणारा माणूस कणकवलीला किंवा रत्नागिरीला बसलेला असतो, किंवा शाळेतल्याच एखाद्या तरुण शिक्षकाकडे ते काम असते. मेल शेवटी या माणसाकडे पोहोचतो आणि त्याने तुमच्या मुलीला कधी पाहिलेलेही नसते. म्हणून मेल असा हवा की तो जसाच्या तसा पुढे पाठवला तरी त्या माणसाला एकही प्रश्न विचारावा लागू नये. कोणता फोटो, त्यात कोणते मूल, त्याचे नेमके काय करायचे आणि तो फोटो आणखी कुठे कुठे आहे, एवढे त्यात आले पाहिजे.

मेलआधीची तयारी

पहिले काम म्हणजे फोटोखाली प्रतिक्रिया न टाकणे. ‘हा फोटो काढा, आमची मुलगी आहे यात’ असे खाली लिहिले की पोस्ट आणखी लोकांसमोर जाते आणि मूल कोणाचे तेही कळते. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही विषय काढू नये. मुंबईच्या काका-मावशीने कौतुकाने तोच फोटो आपल्या स्टेटसला किंवा फेसबुकला लावला असेल, तर त्यांना आधी फोन करावा. शाळेने आपली प्रत काढली आणि घरच्यांची राहिली, तर मेलचा उपयोग निम्माच होतो.

मग त्या पानाचा पत्ता आणि खुद्द फोटोचा पत्ता असे दोन्ही लिहून घ्यावेत. संगणकावर फोटोवर उजवे बटण दाबून फोटो नव्या टॅबमध्ये उघडला की वरच्या पट्टीत त्याचा स्वतःचा पत्ता दिसतो. मोबाइलवर फोटोवर बोट दाबून धरले की तसाच पर्याय येतो. शाळांची बरीच संकेतस्थळे वर्डप्रेसवर चालतात. तिथे हा पत्ता साधारण असा असतो:

```
https://example.org/wp-content/uploads/2026/01/sammelan-12-1024x682.jpg
```

यातला `-1024x682` हा तुकडा महत्त्वाचा आहे. एक फोटो चढवला की वर्डप्रेस त्याच्या लहान-मोठ्या अनेक प्रती आपोआप तयार करते. पानावर दिसते ती त्यातली एक. पत्त्यातून तेवढा तुकडा पुसून एंटर दाबले की बहुधा मूळ पूर्ण फोटो उघडतो. तो उघडला तर हा दुसरा पत्ताही लिहून घ्यावा, पुढे त्याचीच गरज लागणार आहे.

कापता येईल की झाकावे लागेल

पालक ‘कापा’ म्हणतात खरे, पण प्रत्येक फोटोत कापणे जमत नाही. एक उदाहरण घेऊ. देवगड तालुक्यातली एक शाळा, इयत्ता चौथीचे कोळीनृत्य, 14 मुले. मागे 8 उभी, पुढे 6 उकिडवी बसलेली. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असल्याने 1600 पिक्सेल रुंद आणि 1066 उंच. मागच्या रांगेत प्रत्येक मुलाच्या वाट्याला साधारण 200 पिक्सेल येतात. पुढची सहा मुले मध्यभागी बसलेली आहेत, म्हणजे डावीकडे 200 आणि उजवीकडे 200 पिक्सेलमध्ये पुढे कोणीच नाही.

आपली मुलगी मागच्या रांगेत अगदी उजव्या टोकाला असेल, तर काम सरळ आहे. उजवीकडचे 210 पिक्सेल कापले की ती पूर्ण जाते. शेजारच्या मुलाचा फार तर दंड कापला जाईल. 13 मुले आणि 1390 पिक्सेलचा फोटो शिल्लक राहतो, आणि कोणाच्या पालकांना काही वाटत नाही.

पण ती उजवीकडून दुसरी असेल तर? तिला कापायचे तर टोकाचा मुलगा जातो आणि तिच्या पुढे बसलेली मुलगीही जाते. गावात सगळे एकमेकांना ओळखतात. ‘तुमच्या हट्टापायी आमच्या पोराचा फोटो गेला’ हे पुढे वर्षभर ऐकावे लागते, आणि शाळाही याच धास्तीने काम लांबणीवर टाकते. अशा वेळी मेलमध्ये कापण्याचा आग्रह धरू नये. चेहरा झाका असे सांगावे.

झाकतानाही दोन गोष्टी पाहाव्यात. हलके धूसर केलेला चेहरा ओळखीच्या माणसाला कळतो, आणि ज्यांच्यापासून मूल लपवायचे असते ती माणसे बहुधा ओळखीचीच असतात. म्हणून कपाळापासून हनुवटीपर्यंत आणि दोन्ही कानांपर्यंत एकाच रंगाचा भरीव गोल किंवा फुलाचे चित्र टाकायला सांगावे. दुसरे म्हणजे चेहऱ्याशिवायही ओळख पटते का ते पाहावे. क्रीडास्पर्धेच्या फोटोत छातीवर क्रमांक असतो आणि त्याच पानावर क्रमांकनिहाय निकाल असतो. हातात नाव लिहिलेले प्रमाणपत्र असते. तेही झाकले गेले पाहिजे.

तिसरा मार्ग म्हणजे तो फोटो काढून त्याच कार्यक्रमाचा दुसरा फोटो लावणे. छायाचित्रकाराने एकाच नाचाचे दहा-बारा फोटो काढलेलेच असतात, त्यामुळे शाळेला हा पर्याय पुष्कळदा सर्वांत सोपा पडतो. मेलमध्ये तो जरूर सुचवावा.

मूल दाखवायचे कसे

इथे एक चूक फार होते. पालक फोटो उतरवून घेतात, मुलीच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढतात आणि मेलला जोडतात. हेतू चांगला असतो, पण त्यामुळे एक नवी प्रत तयार होते, ‘हीच ती मुलगी’ असे सांगणारी. ती शाळेच्या मेलमध्ये राहते, मुख्याध्यापकांच्या फोनवर जाते, तिथून संकेतस्थळवाल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. मूळ फोटोपेक्षा ती जास्त त्रासाची.

त्याऐवजी जागा शब्दांत सांगावी. ‘उजवीकडून दुसरी’ एवढे पुरत नाही, कारण कोणाच्या उजवीकडून हा गोंधळ होतोच. ‘फोटो समोर धरून पाहणाऱ्याच्या उजवीकडून’ असे पूर्ण लिहावे आणि जोडीला कपड्याची एक खूण द्यावी: हिरवे नऊवारी, डोक्यावर टोपली. रांग, बाजू, क्रमांक आणि खूण या चारही गोष्टी जुळल्या की चुकून दुसरेच मूल झाकले जात नाही. मुलीचे नाव लिहिण्याची गरज नाही. इयत्ता आणि हजेरी क्रमांक दिला की शाळेला कळते आणि बाहेरच्या माणसाला काही कळत नाही. विषयाच्या ओळीत तर नाव येऊच देऊ नये, कारण ती ओळ मेल न उघडताही फोनच्या पडद्यावर दिसते.

मेलचा मजकूर

वरच्या उदाहरणासाठी मेल असा होईल. आपल्या माहितीप्रमाणे तपशील बदलून घ्यावेत.

> विषय: संकेतस्थळावरील एका समूह छायाचित्रात बदल करण्याबाबत (इयत्ता चौथी, कोळीनृत्य)
>
> मा. मुख्याध्यापिका बाई,
> सप्रेम नमस्कार.
>
> इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक 11 या विद्यार्थिनीची मी आई. स्नेहसंमेलनाच्या कोळीनृत्याचा 14 मुलांचा फोटो शाळेच्या संकेतस्थळावर आहे. पानाचा आणि फोटोचा पत्ता खाली दिला आहे. या फोटोत आमची मुलगी मागच्या रांगेत, फोटो समोर धरून पाहणाऱ्याच्या उजवीकडून दुसरी आहे. तिने हिरवे नऊवारी नेसले आहे.
>
> तिचा फोटो सार्वजनिक ठिकाणी असू नये अशी आम्हा दोघा पालकांची इच्छा आहे. कृपया पुढील बदल करावेत.
>
> 1. शक्य असल्यास या फोटोऐवजी तिचा समावेश नसलेला दुसरा फोटो लावावा. ते शक्य नसल्यास तिचा चेहरा भरीव रंगाने पूर्ण झाकावा. ती मधे असल्याने फोटो कापल्यास इतर मुलेही जातील, म्हणून कापू नये.
> 2. बदललेला फोटो नवी फाइल म्हणून चढवावा आणि जुना फोटो सर्व्हरवरून कायमचा पुसावा. नुसता पानावरून काढल्यास तो जुन्या पत्त्यावर दिसत राहतो.
> 3. फोटोखालच्या ओळीतून तिचे नाव काढावे.
> 4. हाच फोटो शाळेच्या फेसबुक पानावरही आहे. तिथूनही तो काढावा.
> 5. वार्षिकांक, प्रवेशाचा फ्लेक्स किंवा वृत्तपत्रासाठी हा फोटो निवडला असल्यास तो वापरू नये.
>
> संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्यांना हा मेल तसाच पुढे पाठवला तरी चालेल. येत्या शुक्रवारपर्यंत बदल झाल्यास फार बरे होईल. काही अडचण असल्यास कृपया फोन करावा, मी शाळेत येऊन भेटू शकते.
>
> कार्यक्रम छान झाला. मुलीला नाच शिकवणाऱ्या बाईंचे मनापासून आभार.
>
> आपली विश्वासू,
> (पालकाचे नाव, दूरध्वनी, त्याखाली पानाचा पत्ता आणि फोटोचे दोन्ही पत्ते)

फोटो का नको, याचे कारण मेलमध्ये मुद्दाम दिलेले नाही. शाळेचा मेल एकाच पासवर्डावर तीन-चार जण उघडत असतात. घरातला वाद, मुलाच्या ताब्याचा खटला, कोणाची भीती असे काही असेल तर ते मुख्याध्यापकांना समक्ष भेटून, दार लावून सांगावे. मूल एखाद्या गुन्ह्यात पीडित किंवा साक्षीदार असेल, तर त्याची ओळख उघड करणारे नाव, शाळा, फोटो प्रसिद्ध करायला बाल न्याय अधिनियम 2015 च्या कलम 74 नेच बंदी आहे. अशा प्रकरणात जिल्हा बाल संरक्षण कक्षाला सोबत घ्यावे. 1098 या क्रमांकावरूनही मदत मिळते.

मेल सकाळी शाळेच्या वेळेत पाठवावा आणि दुपारी कार्यालयात फोन करून तो उघडला का ते विचारावे. नुसता मेल चार-चार दिवस पडून राहू शकतो. मे महिन्याची सुट्टी किंवा गणपती तोंडावर असतील, तर छापील प्रत घेऊन जाऊन दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी.

जुना फोटो खरोखर गेला का

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. वर्डप्रेसमध्ये फोटो कापण्याची सोय आतच आहे, त्यामुळे संकेतस्थळवाला तिथेच कापतो आणि जतन करतो. पानावर कापलेला फोटो दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. पण वर्डप्रेस अशा वेळी `-e` आणि पुढे लांब आकडा असलेली नवी फाइल बनवते आणि मूळ फाइल तशीच ठेवते, कारण ‘मूळ फोटो परत आणा’ हा पर्याय तिला द्यायचा असतो. म्हणून योग्य क्रम असा: फोटो बाहेर संगणकावर कापावा किंवा झाकावा, नव्या नावाने जतन करून चढवावा, पानावर नवा लावावा आणि मग मीडिया लायब्ररीत जाऊन जुना `Delete permanently` ने पुसावा. त्याबरोबर त्याच्या लहान-मोठ्या प्रतीही जातात.

असाच धोका वर्डमध्ये बनवलेल्या वार्तापत्राला असतो. वर्डमध्ये फोटो कापला तरी कापलेला भाग फाइलमध्ये लपून राहतो आणि कोणीही तो परत ओढून बाहेर काढू शकतो. फोटो निवडून `Compress Pictures` मध्ये `Delete cropped areas of pictures` ला खूण केली तरच तो जातो. चेहऱ्यावर वेगळा आकार ठेवून झाकला असेल, तर तो आकार उचलला की खालचा चेहरा दिसतो. त्यामुळे झाकण्याचे काम आधी फोटोतच करून साधी जेपीजी फाइल बनवावी आणि मगच ती वर्डमध्ये घालावी.

तुम्ही तपासताना ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, नाही तर तुमच्याच फोनने साठवलेला जुना फोटो दिसत राहील. फोटोचे आधी लिहून घेतलेले दोन्ही पत्ते, तुकड्यासह आणि तुकड्याविना, त्यात टाका. ‘सापडले नाही’ असे पान आले म्हणजे काम झाले. पानावर नवा फोटो दिसतो पण जुन्या पत्त्यावर जुनाही उघडतो, असे झाले तर तोच पत्ता चिकटवून दोन ओळींचा मेल करा: ‘पानावरचा बदल दिसला, आभार. मूळ फाइल मात्र अजून या पत्त्यावर आहे, ती पुसावी.’ पुन्हा सगळे पत्र लिहू नका.

शाळेने पुसल्यावरही गुगलच्या चित्रशोधात लहानसा फोटो काही दिवस दिसू शकतो. त्यासाठी गुगलचे `Refresh Outdated Content` हे साधन आहे. त्यात जुन्या फोटोचा पत्ता टाकून कोणालाही विनंती करता येते. शिवाय 18 वर्षांखालील मुलांचे फोटो शोधाच्या निकालांतून काढण्याची विनंती पालक गुगलला थेट करू शकतात. त्याने फोटो शोधात दिसायचा थांबतो, संकेतस्थळावर मात्र राहतो. म्हणून क्रम आधी शाळा, मग गुगल असाच ठेवावा.

फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि फ्लेक्स

फेसबुकवर टाकलेल्या फोटोच्या जागी दुसरा सरकवता येत नाही. पोस्टमध्ये अनेक फोटो असतील तर तेवढा एक काढता येतो आणि बाकीची पोस्ट राहते. एकच फोटो असेल तर तो पुसून नवा टाकावा लागतो आणि जुन्या प्रतिक्रिया जातात. पान चालवणाऱ्या शिक्षकांना नेमके हेच नको असते, म्हणून फोनवर बोलताना आपणच आधी ‘नव्याने टाकला तरी चालेल ना?’ असे विचारून घ्यावे. लोकांनी मूळ पोस्ट पुढे पाठवली असेल तर मूळ फोटोबरोबर तीही रिकामी होते. ज्यांनी फोटो उतरवून स्वतः चढवला, त्यांच्याकडचा राहतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर सर्वांसाठी पुसण्याची मुदत सुमारे अडीच दिवसांची आहे आणि ग्रुपचा अ‍ॅडमिनही तेवढ्याच वेळात ते करू शकतो. त्यानंतर, आणि ज्यांच्या फोनमध्ये फोटो उतरला आहे त्यांच्याबाबत, विनंतीपलीकडे उपाय नाही. पालकांचा बंद ग्रुप असेल तर मी तरी तिथला फोटो सोडून द्यावा असे म्हणेन, विशेष धोका असेल तेवढी प्रकरणे वगळून.

फ्लेक्स मात्र सोडू नये. मे-जूनमध्ये प्रवेशाचे फ्लेक्स एस.टी. थांब्यावर आणि बाजारपेठेत लागतात, आणि फ्लेक्सवाल्याला फोटो दिले जातात ते संकेतस्थळावरून नव्हे, शाळेच्या ड्राइव्हमधून किंवा छायाचित्रकाराने दिलेल्या पेनड्राइव्हमधून. संकेतस्थळावर झाकलेला चेहरा पाच महिन्यांनी दहा फूट रुंद फलकावर उघडा दिसतो तो यामुळे. त्या फोल्डरमधल्या मूळ फोटोच्या फाइलच्या नावात ‘प्रसिद्धीसाठी नाही’ एवढे शब्द जोडायला सांगावे. फोल्डर पुढे ज्याच्या हाती जाईल त्यालाही ते दिसतात.

उत्तर आले नाही तर

एक आठवडा थांबून त्याच मेलला उत्तर म्हणून स्मरणपत्र पाठवावे, म्हणजे आधीचा मजकूर खाली राहतो. तरीही हालचाल नसेल तर शाळा व्यवस्थापन समितीतल्या पालक सदस्याला सांगावे. जिल्हा परिषदेची शाळा असेल तर पुढची पायरी केंद्रप्रमुख आणि मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी. खासगी संस्थेची शाळा असेल तर आधी संस्थेचे सचिव.

प्रवेश अर्जावर ‘फोटो वापरण्यास हरकत नाही’ अशी ओळ होती आणि तुम्ही सही केली होती, असे शाळा म्हणू शकते. त्यावर ‘ती संमती आम्ही आजपासून मागे घेत आहोत’ असे एका वाक्यात लिहावे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम 2023 मध्ये 18 वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आणि दिलेली संमती मागे घेण्याचा हक्क या दोन्ही गोष्टी आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत ठेवलेली आहे. पहिल्या मेलमध्ये मात्र कायद्याचे नाव घेऊ नये. ते वाचले की मुख्याध्यापक मेल संस्थेकडे पाठवतात, संस्था वकिलाला विचारते आणि दहा मिनिटांचे काम महिनाभर अडते.

पुढच्या फोटोसाठी

हे काम झाल्यावर वर्गशिक्षकांना भेटून एक साधी गोष्ट ठरवावी. मुलीला फोटोतून बाजूला काढू नये, ती नाचली आहे तर ती फोटोत असावी. फक्त तिला मागच्या रांगेच्या टोकाला उभे करावे, पुढे कोणी बसलेले नसेल अशा जागी. मग प्रसिद्धीसाठी टोक कापता येते आणि वर्गात लावायला, घरी द्यायला पूर्ण फोटो राहतो. ही सूचना दरवर्षी जूनमध्ये नव्या वर्गशिक्षकांना पुन्हा द्यावी लागते, आणि स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी छायाचित्रकारालाही.